हाडाची गाठ : तुकडा काढण्याआधीचा हिशेब

बार्शीकडच्या एका चौदा वर्षांच्या मुलाच्या मांडीवर, गुडघ्याच्या चार बोटं वर, बरोबर समोरच्या बाजूला एक आडवा व्रण होता. चार इंच लांब, टाक्यांच्या खुणा अजून लाल, आणि खाली रक्त साकळून जागा निळसर झालेली. वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीतून फाइल काढली आणि म्हणाले, "ताई, तुकडा काढलाय तिकडं, पण रिपोर्टात काय कळंना म्हणत्यात." परळला उपचारासाठी येणाऱ्या कुटुंबांची कागदपत्रं लावून देणं आणि खर्चाचा अंदाज काढून देणं हे माझं काम. मी डॉक्टर नाही. पण फाइल बघणाऱ्या सर्जनने त्या व्रणावरून बोट फिरवलं आणि ते काही क्षण बोललेच नाहीत, ते मी पाहिलं. त्या मुलाचा सगळा हिशेब पुढं मांडला आहे. त्याआधी या आजाराचं थोडं.

हाडातच सुरू होणारा कर्करोग दुर्मीळ आहे. मोठ्या माणसांच्या हाडात आढळणारा कर्करोग बहुतेक वेळा स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड अशा दुसऱ्या अवयवातून आलेला असतो. हाडात जन्मलेल्या गाठींची मात्र वयं आणि जागा बऱ्याच ठरलेल्या आहेत. ऑस्टिओसार्कोमा दहा ते वीस वर्षांच्या मुलामुलींमध्ये, हाड झपाट्यानं वाढत असताना होतो. निम्म्याहून जास्त वेळा तो गुडघ्याच्या आसपास असतो, म्हणजे मांडीच्या हाडाचं खालचं टोक किंवा नडगीचं वरचं टोक. त्याखालोखाल खांद्याजवळ दंडाचं वरचं टोक. इविंग सार्कोमा साधारण पाच ते वीस या वयात दिसतो. तो लांब हाडाच्या मधल्या दांड्यात किंवा कंबरेच्या हाडात होतो आणि सोबत ताप असू शकतो. काँड्रोसार्कोमा चाळिशीनंतरचा. कंबरेचं हाड, खुबा, खांदा ही त्याची ठिकाणं, आणि तो वर्षानुवर्षं हळू वाढतो.

सुरुवात जवळपास प्रत्येक घरात सारखीच सांगितली जाते. मुलगा खेळताना पडला, गुडघा दुखायला लागला, तेल लावून चोळलं, थोडं बरं वाटलं, पुन्हा दुखलं. पडल्यामुळे गाठ होत नाही. पडल्यामुळे आधीपासून असलेल्या गाठीकडे लक्ष जातं, इतकंच. मुकामाराचं दुखणं दिवसागणिक कमी होत जातं. हे दुखणं वाढत जातं, विश्रांतीतही राहतं, रात्री झोपेतून उठवतं. दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल तर चोळणं थांबवा आणि एक्स-रे काढा. दोन बाजूंनी काढलेल्या एक्स-रेला जिल्ह्याच्या गावी चार-पाचशे रुपये पडतात, सरकारी रुग्णालयात नाममात्र. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. खुब्याचं दुखणं मुलं गुडघ्यात दाखवतात. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ आला आणि पोर तरी लंगडतंय, तर खुब्याचाही काढायला सांगा.

त्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर डॉक्टर काय शोधतात हे नातेवाइकांना ठाऊक असलं तर बरं. पहिली गोष्ट म्हणजे सीमा. निरुपद्रवी गाठीची कड बहुधा पेन्सिलीनं आखल्यासारखी असते. वाईट गाठीत आजारी हाड कुठं संपलं आणि चांगलं कुठं सुरू झालं हे सांगता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हाडावरच्या पातळ आवरणाची. गाठ बाहेर ढकलू लागली की हे आवरण उचललं जातं आणि त्याच्या कडेला नवं हाड तयार होऊन एक त्रिकोण दिसतो. त्याला कॉडमनचा त्रिकोण म्हणतात. ऑस्टिओसार्कोमात गाठीच्या आत ढगासारखं पांढरं नवं हाड दिसतं आणि कधी सूर्याच्या किरणांसारख्या रेषा बाहेर फाकलेल्या असतात. इविंगमध्ये हाड वाळवी लागल्यासारखं पोखरलेलं दिसतं आणि आवरणावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर चढतात. काँड्रोसार्कोमात स्वल्पविरामासारखे, कड्यांसारखे चुन्याचे ठिपके विखुरलेले असतात.

यातलं काहीही एकट्यानं निदान ठरत नाही. हाडात पू झाला तरी कांद्याचे थर दिसू शकतात, आणि आपल्याकडे हाडाचा क्षयही पोखरलेलं चित्र देतो. इविंगच्या कितीतरी मुलांना आधी महिनाभर प्रतिजैविकं दिली जातात. चीर दिली तर आतून पुवासारखा द्रवही येतो आणि सगळ्यांची खात्री पटते की हा पूच होता. म्हणूनच तुकडा काढावा लागतो. पण तुकडा काढणं ही तपासण्यांच्या रांगेतली शेवटची पायरी आहे, आणि नेमकी तीच आपल्याकडे पहिली उरकली जाते.

एमआरआय तुकडा काढण्याच्या सुईआधी का, ते सांगते. सुई किंवा चाकू आत गेला की रक्त साकळतं, सूज येते, आणि ती एमआरआयवर गाठीसारखीच चमकते. मग गाठ कुठंपर्यंत आणि सूज कुठून, हे वेगळं करता येत नाही. सर्जनला खात्री नसेल तिथं जास्तीचं कापावं लागतं. एमआरआय करताना कागदावर फक्त 'गुडघा' लिहिलेलं नसावं. गुडघ्यापासून खुब्यापर्यंत पूर्ण मांडीचं हाड एका पट्ट्यात दिसायला हवं, कारण याच हाडात वर कुठं तरी दुसरी छोटी गाठ असू शकते. फक्त गुडघ्याचा एमआरआय घेऊन आलेल्यांना बहुतेक वेळा पुन्हा मशीनमध्ये जावं लागतं, म्हणजे सात-आठ हजार वाया. खासगी केंद्रात पूर्ण हाडाचा, रंगद्रव्य देऊन केलेला एमआरआय साधारण आठ ते बारा हजारांत होतो. फिल्मसोबत सीडी मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीवर सगळी.

त्यानंतर छातीचा साधा सीटी स्कॅन, अडीच ते पाच हजार, कारण हे आजार पहिल्यांदा फुप्फुसात जातात. बाकी सांगाड्यासाठी बोन स्कॅन किंवा पेट-सीटी. बोन स्कॅन साधारण तीन ते सहा हजार, पेट-सीटी दहा ते वीस हजारांच्या घरात. पेट-सीटी झाला असेल तर बोन स्कॅन बहुधा लागत नाही. दोन्ही लिहून दिले असतील तर 'दोन्ही का?' हे विचारायला संकोच करू नका. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज आणि एलडीएच पाहतात, पाच-सहाशे रुपये. चाळिशीच्या पुढच्या माणसाला मायलोमासाठी रक्तातल्या प्रथिनांची तपासणीही आधी करून घेतात.

आता तुकड्याकडे येऊ. पोकळ सुई किंवा चाकू ज्या वाटेनं गाठीत जातो, त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडल्या आहेत असं धरून चालतात. कातडी, स्नायू, मधला सगळा मार्ग. पुढं मोठी शस्त्रक्रिया होते तेव्हा हा मार्ग गाठीला जोडलेला ठेवूनच एका तुकड्यात बाहेर काढायचा असतो. म्हणून सुई कुठून घालायची हे ठरवण्याआधी मोठ्या शस्त्रक्रियेचा छेद कुठून जाणार हे ठरलेलं असावं लागतं. हे ठरवू शकतो तो माणूस एकच, जो ती मोठी शस्त्रक्रिया करणार आहे. तुकडा त्यानंच काढावा, किंवा त्यानं जागा आखून दिल्यावर रेडिओलॉजिस्टनं काढावा.

मांडीच्या खालच्या टोकाचं उदाहरण घेऊ. तिथं सुई आतल्या किंवा बाहेरच्या बाजूनं, एकाच स्नायूतून घालतात. समोरून घालत नाहीत, कारण समोर गुडघा सरळ करणारा स्नायू आणि त्याचा कंडरा आहे. तो दूषित झाला की काढावा लागतो, आणि तो काढला की वाचवलेला पाय सरळ धरता येत नाही. खाली सांध्याची पिशवी आहे. तीत सुई घुसली तर पूर्ण सांधा दूषित. मागं मोठी रक्तवाहिनी आणि नस, तिच्याजवळ जायचं नाही. चीर द्यावीच लागली तर ती पायाच्या लांबीला समांतर, लहानात लहान. उभी चीर पुढच्या छेदात सामावून जाते. आडवी चीर काढायची तर दोन्ही बाजूंची बरीच कातडी सोबत जाते आणि जखम झाकायला जागा उरत नाही. रक्तस्राव काटेकोरपणे थांबवायचा, कारण साकळलेलं रक्त जिथं पसरतं तिथं पेशीही पसरतात. नळी ठेवायची असेल तर ती जखमेच्याच रेषेत, जखमेला लागून. खांद्यापाशीही हाच विचार. तिथं दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून न जाता खांद्याच्या गोल स्नायूच्या पुढच्या भागातून सुई घालतात.

आज बहुतेक गाठींसाठी चीर लागतच नाही. सी-आर्म किंवा सीटीखाली पाहत जाड पोकळ सुईनं पाच-सहा तुकडे काढले जातात. एवढ्यानं बहुतेक रुग्णांचं निदान होतं, मूल त्याच दिवशी घरी जातं आणि कातडीवर तांदळाच्या दाण्याएवढी खूण राहते. तुकडे गाठीच्या कडेच्या, जिवंत भागातून घेतात. मधोमध बऱ्याचदा मेलेला भाग असतो आणि त्यातून काही निष्पन्न होत नाही. खासगी ठिकाणी याला आठ ते वीस हजार पडतात, रुग्णालयाप्रमाणे आणि भूल लागली की नाही त्याप्रमाणे. बारीक सुईनं पाणी ओढून केलेली एफएनएसी स्वस्त असते, पण हाडाच्या गाठीच्या पहिल्या निदानाला ती सहसा पुरत नाही.

तुकडा बाहेर आला की दोन बाटल्या भरल्या जाव्यात. एक फॉर्मेलिनची, पॅथॉलॉजिस्टकडे. दुसरी सलाइनची, पू आणि क्षयाच्या जंतूंच्या तपासणीसाठी. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे दुसरी बाटली विसरली आणि क्षयाचा संशय नंतर आला, तर पुन्हा सुई. पॅथॉलॉजिस्टकडे एक्स-रे आणि एमआरआयही जायला हवेत. जुळत आलेलं फ्रॅक्चर सूक्ष्मदर्शकाखाली ऑस्टिओसार्कोमासारखं दिसू शकतं, आणि ते वेगळं ओळखायला फिल्म लागते. इविंगचा संशय असेल तर थोडा तुकडा आम्लात न बुडवता राखून ठेवायला सांगतात, कारण हाड मऊ करण्याचं आम्ल जनुकीय तपासणी बिघडवतं. साध्या तपासणीला दीड ते चार हजार, खास रंगांचे मार्कर लागले तर वर पाच ते बारा हजार.

सुई चुकीच्या ठिकाणी गेली तर किती नुकसान होतं, याचा हिशेब अमेरिकेत मॅनकिन नावाच्या अस्थिशल्यविशारदानं १९८२ मध्ये मांडला. त्याच्या ३२९ रुग्णांपैकी साधारण १८ टक्क्यांत निदानात मोठी चूक झाली होती, आणि साडेचार टक्के रुग्णांचा हातपाय केवळ तुकडा वाईट काढल्यामुळे कापावा लागला होता. या चुका उपचार करणाऱ्या केंद्रांपेक्षा रुग्ण पाठवणाऱ्या रुग्णालयांत कितीतरी पट जास्त होत्या. त्यानं १९९६ मध्ये जवळपास सहाशे रुग्णांचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हाही चित्र फारसं बदललं नव्हतं.

आता बार्शीकडच्या त्या मुलाचा हिशेब. दिवाळीपासून गुडघा दुखत होता. जानेवारीत एक्स-रे काढला, पाचशे रुपये, आणि त्यात ढगासारखी छाया आणि कॉडमनचा त्रिकोण दोन्ही दिसत होते. मी ती फिल्म खिडकीशी धरून पाहिली आहे. तिथल्या खासगी रुग्णालयानं फक्त गुडघ्याचा एमआरआय केला, सात हजार. मग भूल देऊन समोरून आडवी चीर घेतली, दोन दिवस ठेवलं, अडतीस हजार. तपासणीचे अठ्ठावीसशे. रक्त साकळलं म्हणून पुन्हा पुन्हा ड्रेसिंग आणि इंजेक्शनं, बासष्टशे. एकूण ५४,५०० रुपये, आणि रिपोर्टवर 'मृत पेशी, निश्चित मत देता येत नाही' अशी ओळ. तुकडा गाठीच्या मधूनच घेतला होता.

मुंबईत सगळं नव्यानं करावं लागलं. पूर्ण मांडीचा एमआरआय ९,५००, छातीचा सीटी ३,५००, बोन स्कॅन ४,५००, रक्त ६००, बाजूनं सुईनं तुकडा १२,०००, मार्करसकट तपासणी ६,०००. म्हणजे ३६,१००. निदान ऑस्टिओसार्कोमा. पुढं केमो सुरू होऊन शस्त्रक्रियेची वेळ आली तेव्हा जुना आडवा व्रण, खालचा स्नायू, निळसर झालेला सगळा पट्टा गाठीबरोबर काढावा लागला. कातडी पुरेना म्हणून पोटरीचा स्नायू वळवून जखम झाकायला प्लास्टिक सर्जन बोलवावा लागला. त्याचे वेगळे १,४०,००० रुपये. पाय वाचला, पण गुडघा सरळ करण्याची ताकद निम्मीच राहिली, आणि पहिल्या तुकड्यापासून केमो सुरू होईपर्यंत सहा आठवडे हातातून गेले.

हेच सगळं क्रमानं झालं असतं तर? एक्स-रेचे पाचशे आणि मुंबईतले ३६,१००, म्हणजे ३६,६००. प्रत्यक्षात गेले २,३०,६००. एक लाख चौऱ्याण्णव हजारांचा फरक फक्त तुकडा कुठून आणि कधी काढला यामुळे पडला. त्यासाठी त्याच्या वडिलांनी अर्धा एकर गहाण टाकला होता.

अशीच दुसरी महाग चूक मोठ्या माणसांत होते. चाळिशी-पन्नाशीचा माणूस साध्या ठोकरीनं पडतो, मांडीचं हाड मोडतं, आणि घाईनं आत सळई घातली जाते. मोडण्याच्या जागी काँड्रोसार्कोमा असेल तर ती सळई पेशी हाडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेते. इतक्या क्षुल्लक पडण्यानं हाड मोडलं असेल तर 'एक्स-रेत मोडण्याच्या जागेचं हाड आधीपासून आजारी दिसतंय का?' हे सळईच्या आधी विचारा. हाड वजन लावून किंवा पट्टी बांधून आठवडाभर स्थिर ठेवता येतं.

पैशांच्या सोयीबद्दल थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि राज्यातली सगळी कुटुंबं तिच्यात येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या खिडकीवर तपासण्या सुरू करण्याआधी जा. योजनेबाहेरच्या रुग्णालयात तुकड्यासाठी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. मदतीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. पुढच्या उपचारात सर्वांत मोठा फरक कृत्रिम सांध्याचा पडतो. देशी बनावटीचा साधारण लाख-दीड लाखापासून मिळतो, परदेशी त्याच्या कित्येक पट, आणि देशी सांधे मोठ्या केंद्रांत वर्षानुवर्षं बसवले जात आहेत. मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगेबाबांची धर्मशाळा अनेक कुटुंबांचा आधार आहे. कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्याला उपचारासाठी रेल्वेत मोठी सवलत मिळते, त्याचा छापील अर्ज रुग्णालयातूनच भरून घ्यावा.

तुकडा आधीच निघालेला असेल तर घाबरून जाऊ नका, पण त्या रुग्णालयातून रिकाम्या हातानं निघू नका. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. त्यांच्यावरून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत मिळतं आणि कधी कधी पुन्हा सुई टळते. शस्त्रक्रियेची टिपणं मागा, त्यात चीर कुठून दिली, नळी कुठून काढली हे लिहिलेलं असतं आणि पुढच्या सर्जनला ते हवं असतं. वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे रुग्णाचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात.

आणि तुकडा अजून निघालेला नसेल, तर त्या खोलीत जाण्याआधी समोरच्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "ही गाठ कर्करोगाची निघाली तर मोठी शस्त्रक्रिया तुम्हीच करणार का?" उत्तर 'नाही' असेल, तर एक्स-रे आणि सीडी घ्या, त्यांचे आभार माना आणि ज्या केंद्रात ती शस्त्रक्रिया होते तिथली गाडी पकडा.